‘भोजनाची व्यवस्था आहे’ : एका सूचनेचं प्रकरण

आमचं मंडळ इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका मध्यम शहरातलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, त्यांची स्वतःची वास्तू आहे. आम्ही दर वेळी एका शाळेचा हॉल तासांवर भाड्याने घेतो. त्यामुळे आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असतो: अमुक वाजता शाळेचा केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

गेल्या दिवाळीला सभासदांना गेलेली सूचना अशी होती:

“सर्व मराठी बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार. दिवाळीनिमित्त सांस्कृतिक संध्येचे आयोजन केले आहे. वेळ सायंकाळी ६. रंगारंग कार्यक्रम व सुग्रास महाराष्ट्रीय भोजनाची व्यवस्था आहे. मदतीस इच्छुक स्वयंसेवकांनी कार्यकारिणीशी संपर्क साधावा. सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहावे ही विनंती.”

हा मजकूर मीच लिहिला होता. लग्नपत्रिका वाचत मोठी झालेली कुणीही व्यक्ती तो असाच लिहील. पण लग्नात वधूपक्षाकडे पन्नास हात राबत असतात आणि कार्यालयाचा आचारी शंभर पानं वाढली तरी सांभाळून घेतो. आमच्याकडे सात जणांची कार्यकारिणी होती आणि १३० माणसांचा स्वयंपाक सांगितलेला होता.

त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात सांगते. आधी ११८ जणांनी पैसे भरले होते, दारात आणखी ४० जण आले. ‘सहकुटुंब, सहपरिवार’ लिहिल्यावर पाहुणे आणायचे नाहीत असं कोण समजेल? सहाचा कार्यक्रम सात वाजता सुरू झाला. मुलांचे नाच संपता संपेनात, जेवण सव्वानऊला मांडलं, आणि शेवटच्या तीसेक जणांच्या ताटात भात आणि लोणचं एवढंच पडलं. हॉल दहाला रिकामा करायचा होता, आम्ही अकराला निघालो, आणि एका तासाचं जादा भाडं भरलं. स्वयंसेवक म्हणून संपर्क साधणारे दोघेच होते. त्यातले एक आमच्या खजिनदारांचे सासरे, तेही भारतातून महिनाभरासाठी आलेले.

त्यानंतरच्या बैठकीत दोन मतं पडली. एक म्हणजे लोकांना शिस्त नाही. दुसरं मत माझं: आपण लोकांना काही सांगितलंच नव्हतं. संक्रांतीची सूचना पुन्हा माझ्याकडेच आली, आणि या वेळी मी मजकूर लिहिण्याआधी हॉलपासून उलटं मोजत आले.

आधी घड्याळ

संक्रांत बुधवारी होती, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, ही परदेशातल्या मंडळांची मोठीच सोय आहे. रथसप्तमी २५ जानेवारीला, रविवारी होती. हॉल शनिवारी २४ तारखेला दुपारी दोन ते रात्री नऊ असा मिळाला. नऊला रिकामा करायचा तर पावणेआठला आवराआवर सुरू व्हायला हवी. म्हणजे जेवण साडेसहाला, आणि कार्यक्रम सव्वासहाच्या आत संपलेला.

साडेसहाला अन्नाचंही कारण होतं. इंग्लंडमध्ये गरम वाढायचा पदार्थ ६३ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावा लागतो. त्याखाली तो एकदाच, आणि जास्तीत जास्त दोन तास ठेवता येतो. आमच्याकडे गरम ठेवायची पेटी नाही, केटररची भांडी येतात ती झाकून तशीच राहतात. भाताच्या बाबतीत हे मनावर घ्यावं लागतं, कारण काही जीवाणूंचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दिवाळीला भांडी सहाला आली होती आणि शेवटचं ताट दहाच्या सुमारास वाढलं गेलं. कुणाचं पोट बिघडलं नाही, हे आमचं नशीब. या वेळी भांडी पावणेसहाला येणार होती. नाचाचे कार्यक्रम तासभर लांबले असते तर शेवटचं ताट दोन तासांच्या पलीकडे गेलं असतं.

म्हणून मग नाच मोजले. एका मुलाला चार मिनिटं, मध्ये चढउतार आणि गाणं लावायला दोन. चौदा कार्यक्रमांना ८४ मिनिटं झाली. स्वागताला सहा, मोठ्यांच्या दोन सादरीकरणांना पंचवीस. एकूण ११५. सव्वाचारला सुरू केलं तर सव्वासहाला पाच मिनिटं हातात उरतात. पंधराव्या मुलाला जागा नाही. हे आकडे समोर असल्यामुळेच सूचनेत ‘पहिली चौदा नावं’ असं लिहायचं धैर्य मला झालं. नाहीतर ‘मर्यादित जागा’ असं गुळमुळीत लिहून मोकळी झाले असते आणि मग ओळखीच्या मुलांना नाही म्हणता आलं नसतं.

मग ताट

‘सुग्रास महाराष्ट्रीय भोजन’ या तीन शब्दांत काय नाही ते बघा: जेवायला काय आहे हेच नाही.

भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी हवी, असा सगळ्यांचा हट्ट होता. भाकरी मी पहिल्याच फेरीत काढली. दीडशे माणसांना पुरतील इतक्या भाकऱ्या दुपारी थापून संध्याकाळी वाढल्या तर त्यांचे पापड होतात, आणि हॉलच्या स्वयंपाकघरात तवा चालवायची परवानगी नव्हती. भाजी, मसालेभात आणि मठ्ठा केटररकडे दिला. केटरर गुजराती, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. तांदूळ माणशी ८० ग्रॅम धरला, दीडशेला बारा किलो. भोगीच्या भाजीत तिळाचं कूट जातं आणि उंधियूसारखं हिरवं वाटण जात नाही, हे त्यांना समजावायला दोन फोन लागले.

गूळपोळी मात्र बाहेर मिळणं शक्यच नव्हतं. इथे गूळपोळीचा एक गुण उपयोगी पडला: ती चार-पाच दिवस सहज टिकते आणि गार खाल्ली तरी चालते. पुरणपोळीचं हे धाडस मी केलं नसतं. नऊ घरांनी वीस-वीस केल्या तर १८० होतात. त्या आठवडाभरात जमेल तेव्हा करता येतात, ओटा अडत नाही, आणि ज्यांना शनिवारी येऊन राबणं शक्य नाही त्यांनाही हातभार लावता येतो. पण अट एकच घातली, कृती सगळ्यांची एक: गूळ, भाजलेल्या तिळाचं कूट, तेलात भाजलेलं बेसन, वेलची-जायफळ. दाण्याचं कूट नाही, खसखस नाही. आमच्या एक काकू यावर नाराज झाल्या, त्यांच्या माहेरी दाण्याचं कूट घालतात. त्यांना म्हटलं, काकू, चवीसाठी नाही, पाटीसाठी.

ती पाटी म्हणजे पदार्थासमोरची अ‍ॅलर्जीची चिठ्ठी. इथे कायद्याने चौदा घटक नावानिशी सांगायचे असतात, आणि त्यांची यादी वाचली की वाटतं, कुणीतरी आपला मिसळणाचा डबा समोर ठेवूनच ती केली आहे: तीळ, शेंगदाणे, मोहरी, दूध, गहू. हा नियम खाद्यव्यवसायांना लागू होतो. वर्षातून चार वेळा घरचं करून वाढणाऱ्या मंडळावर त्याची सक्ती तशी होत नाही, पण खाणाऱ्याच्या घशाला हा फरक कळत नाही. नऊ घरांच्या नऊ कृती असत्या तर त्या चिठ्ठीवर मी काय लिहिलं असतं?

गेलेली सूचना

शेवटी ८ डिसेंबरला हे गेलं:

“संक्रांत संध्या, शनिवार २४ जानेवारी. दार ३:३० ला उघडेल, बोरन्हाण ३:४५, कार्यक्रम ४:१५ ते ६:१५, जेवण ६:३०, हळदीकुंकू ७:१५. रात्री ९ ला हॉल बंद. काळे कपडे घालून या.

जेवण: गूळपोळी-तूप, भोगीची भाजी, मसालेभात, मठ्ठा, तिळगूळ. सगळं शाकाहारी. तीळ जवळजवळ सगळीकडे आहेत. भाजीत शेंगदाणे आहेत. गूळपोळीत गहू आणि तीळ आहेत, शेंगदाणे नाहीत, पण ती घरोघरच्या स्वयंपाकघरांत होते. मसालेभातात गहू नाही. काही शंका असेल तर १५ जानेवारीच्या आत विचारा.

तिकीट मोठ्यांना १२ पाउंड, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना ६, त्याखालच्यांना काही नाही, पण त्यांचंही नाव नोंदवा. हॉलच्या १८० च्या मर्यादेत तान्हं बाळही मोजलं जातं. पैसे भरताना संदर्भात आडनाव आणि संख्या लिहा, उदाहरणार्थ JOSHI 2A 1C. शेवटची तारीख रविवार ११ जानेवारी. दारात तिकीट मिळणार नाही. पाहुणे येणार असतील तर त्यांचंही आत्ताच काढा.

मुलांचे कार्यक्रम: पहिली चौदा नावं, प्रत्येकी चार मिनिटं, गाणं २१ तारखेपर्यंत पाठवायचं. सर्वांत लहान मुलं आधी.

बोरन्हाणासाठी चादर घरून आणा. बोरं नाहीत, चुरमुरे आणि हलवा असेल. शेंगदाणे आणि गोळ्या आणू नका, लहान मुलांच्या घशात अडकतात.

हळदीकुंकू सर्व स्त्रियांसाठी आहे.

आम्हाला २८ जण हवेत. मांडामांड २ ते ३:३०, सहा जण. दार ३:३० ते ४:३०, दोन जण. यांचे सुरुवातीचे कार्यक्रम चुकतील. स्टेजमागे मुलांना ओळीत उभं करायला ४ ते ६:१५, दोन जण. यांना कार्यक्रम फक्त बाजूने दिसेल. वाढायला पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या, ६:१५ आणि ७ वाजता. आवराआवर ७:४५ ते ८:४५, आठ जण. यातले निदान सहा पुरुष हवेत, कारण त्या वेळी हळदीकुंकू चालू असेल. शिवाय २० गूळपोळ्या करणारी नऊ घरं हवीत. कृती आम्ही देऊ, साहित्याचे पैसेही देऊ.”

यात ‘सस्नेह नमस्कार’ नाही, यावर एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. त्यांचं बरोबर होतं, पुढच्या वेळी घालीन.

काय परत आलं

चार दिवसांत २८ पैकी १९ जागा भरल्या. मला वाटतं याचं कारण ‘चुकतील’ हा शब्द. परदेशातल्या मंडळात मदत करायची इच्छा बऱ्याच जणांना असते. भीती असते ती एकदा नाव दिलं की दुपारपासून रात्रीपर्यंत अडकण्याची आणि आपल्याच मुलीचा नाच स्वयंपाकघरातून ऐकण्याची. पाऊण तास किंवा तास, आणि त्यात काय बुडणार आहे, हे लिहिलं की माणूस हिशोब करून हो म्हणतो. नंतरच्या प्रत्येक स्मरणपत्रात मी फक्त उरलेल्या जागा लिहिल्या, भरलेल्यांचं कौतुक केलं नाही. तरीही आवराआवरीच्या आठांपैकी दोनच नावं आली होती. उरलेले सहा जण सूचनेने नाही, माझ्या फोनने आले. फोनवर ‘जरा मदत कराल का’ असं न म्हणता ‘दादा, पावणेआठला खुर्च्या उचलायला तुम्ही’ असं म्हटलं की नकार फार कमी येतो. खुर्च्या रचण्याच्या कामाला आपणहून कुणी येत नाही, कुठल्याच मजकुराने येत नाही, हे मी आता मान्य केलंय.

सगळ्यात मोलाचं उत्तर एका आईचं होतं. तिच्या मुलाला सीलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. तिने एवढंच विचारलं, “ताई, मसालेभाताच्या फोडणीत हिंग कोणता आहे?”

मी हसणारच होते. मग घरातली हिंगाची डबी उलटी करून वाचली. आपण जो पिवळसर, भुरभुरीत हिंग वापरतो तो निव्वळ हिंग नसतोच. डिंक आणि पीठ यांत मिसळलेला असतो, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. माझ्या डबीवर तसंच होतं. भाईंना फोन केला. ते म्हणाले, भातात कसला आलाय गहू? म्हटलं, डबी वाचून दाखवा. त्यांच्याही डबीवर गहू. ‘मसालेभातात गहू नाही’ हे वाक्य मी दोनशे लोकांना पूर्ण खात्रीने पाठवलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. भाईंनी तो आणायचं कबूल केलं, पण मसाले, झारे आणि कढया त्याच स्वयंपाकघरातल्या, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मी त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली आणि पहिलंच वाक्य लिहिलं: “मागच्या सूचनेतली मसालेभाताची ओळ चुकीची होती.” खाली कारण लिहिलं, आणि ज्यांना गहू अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी आम्ही खात्री देऊ शकत नाही, हेही लिहिलं. त्या आईने मुलाचा डबा घरून आणला, त्याचे पैसे आम्ही घेतले नाहीत. तिच्यानंतर आणखी दोन घरांनी विचारणा केली. एरवी ती घरं न विचारता आली असती, किंवा न विचारता घरी राहिली असती.

दुसरं उत्तर आलं ते लेखी नव्हतं. ‘हळदीकुंकू सर्व स्त्रियांसाठी’ ही चार शब्दांची ओळ. आदल्या वर्षीच्या सूचनेत ‘सुवासिनींसाठी’ होतं, ते कुणी ठरवून लिहिलं नव्हतं, जुन्या मजकुरातून तसंच पुढे आलं होतं. त्या वर्षी आमच्या एक काकू हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, आणि आम्ही त्यांना म्हणालो होतो, किती काम करता हो. काका जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. या वर्षी त्यांनी तिकीट काढताना फक्त वाणाचे किती नग लागतील ते विचारलं. सत्तर म्हटलं. त्यांनी सत्तर छोट्या चाळण्या आणल्या, चहाच्या. आता आमच्यातल्या दोघी-तिघींना ही ओळ पटलेली नाही, त्या तसं बोलूनही दाखवतात. ओळ राहील.

त्या दिवशी

१५१ तिकिटं गेली होती, १४६ माणसं आली. दारात तिकीट नसलेलं एक कुटुंब आलं, चार जणांचं. ‘दारात मिळणार नाही’ असं लिहिलं असलं तरी इतक्या लांबून संक्रांतीला आलेल्या माणसांना परत पाठवणं मला जमलं नाही. पाच न आलेले होते म्हणून निभावलं.

गोंधळ झाला तो वेळेचा, आणि तोही माझ्या मजकुरामुळे नाही तर त्याच्या जोडीला गेलेल्या पोस्टरमुळे. पतंगांचं सुंदर चित्र, त्यावर मोठ्या अक्षरात ‘दुपारी ४ वाजता’. चित्र करणाऱ्या मुलाला मी दार साडेतीनला, कार्यक्रम सव्वाचारला असं सांगितलं होतं, त्याने सरळ मध्यावरचा सुटसुटीत आकडा घेतला. आणि निम्म्या लोकांनी फक्त चित्र पाहिलं होतं. पावणेचारला बोरन्हाणाला पाच बाळं हवी होती, दोनच होती. उरलेली तिघं चार वाजता आली तेव्हा चुरमुरे झाडून झाले होते. पुन्हा चादर अंथरली. कार्यक्रम चार पंचवीसला सुरू झाला, म्हणजे हातातली पाच मिनिटं जाऊन वर पाच मिनिटांचं कर्ज.

ते कर्ज एका सादरीकरणातून फिटलं. मोठ्यांच्या गाण्याच्या गटाला मी मध्यंतरात जाऊन एक कडवं कमी करा म्हटलं. ते चिडले, पण त्यांनी केलं. लहान मुलं आधी ठेवल्याचा फायदा दिसला, कुणी पेंगलं नाही, रडलं नाही. तोटाही दिसला: आपलं मूल उतरलं की आईबाप बाहेर गप्पा मारायला जातात, आणि शेवटच्या मोठ्या मुली अर्ध्या रिकाम्या हॉलसमोर नाचल्या. यावर अजून उपाय सापडलेला नाही.

जेवण सहा पस्तीसला मांडलं, शेवटचं ताट सात वीसला वाढलं. पोळ्या अर्ध्या करून वाढल्या, हवी त्याला पुन्हा. सहा इंची सांगितल्या होत्या. एका घराच्या पुऱ्यांएवढ्या आल्या, एकीच्या ताटाएवढ्या आणि मधे फाटलेल्या, कारण गूळ किसताना खडे राहिले होते. खडा लाटताना पोळी फाडतो आणि तव्यावर वितळून जळतो. पुढच्या कृतीत ‘गूळ किसून चाळून घ्या’ असं घालायचं आहे. १८० पैकी सहा उरल्या. मठ्ठा मात्र अर्ध्याहून जास्त राहिला. बाहेर दोन अंश तापमान असताना गार ताक प्यायला माणसं येतील, असं मला का वाटलं असेल?

आठ पन्नासला केअरटेकरने दोनदा घड्याळ पाहिलं आणि पहिल्यांदाच आमच्याकडून एक तिळगूळ घेतला, त्यात काय काय आहे ते विचारून.

दुसऱ्या दिवशी मी या कार्यक्रमाची शेवटची सूचना पाठवली: “स्टीलचा एक मोठा डबा राहिला आहे. झाकणावर लाल नेलपॉलिशने ‘कु’ लिहिलं आहे.” दहा मिनिटांत अकरा उत्तरं आली. त्यांत कुलकर्णी तीन होते.